एकच भाव, दोन चार्ट

नागपुरात अमरावती रोडवर काचीमेटला सोलर इंडस्ट्रीजचं मुख्यालय आहे. खाणींसाठी स्फोटकं बनवणारी ही कंपनी आता पिनाका रॉकेट आणि नागास्त्र ड्रोनसाठीही ओळखली जाते. शेअर बाजारात थोडाफार रस असलेल्या नागपूरकराला हा शेअर घरचा वाटतो आणि त्याचा भाव तो येता-जाता बघत असतो. ऑगस्ट 2024 मध्ये हा भाव 13 हजारांच्या आसपास होता. फेब्रुवारी 2025 मध्ये तो 9 हजारांच्याही खाली आला आणि त्याच वर्षी जून संपताना 17 हजारांच्या पुढे गेला.

या प्रवासातला फक्त पडझडीचा सहा महिन्यांचा तुकडा घ्या आणि त्याचा रोजचा चार्ट उघडा. भाव घसरत असतानाही त्यात हिरव्या कॅन्डल जागोजागी दिसतात. तीन-चार दिवस भाव चढतो आणि मागचा छोटा उच्चांक मोडतो. ओळखीतलं कुणीतरी सांगतं, ‘भाऊ, सोलर पलटला!’ मग पुन्हा घसरण सुरू होते. आता त्याच पडद्यावर ‘1D’ च्या जागी ‘1W’ निवडा. एका दिवसाची कॅन्डल जाऊन एका आठवड्याची येते. जी पलटी खरीखुरी वाटत होती ती आता लाल कॅन्डलच्या वरच्या टोकाशी एक बारीकशी रेघ होऊन बसलेली दिसते.

स्विंग ट्रेडिंग म्हणजे काही दिवस ते काही आठवडे शेअर धरून त्यातली एक लाट पकडायची. या प्रकारात फार जुना एक नियम आहे: खरेदीची वेळ रोजच्या चार्टवर शोधायची, पण परवानगी आठवड्याच्या चार्टकडून घ्यायची. साप्ताहिक कल वर असेल तरच रोजच्या चार्टवरची खरेदीची खूण मानायची, नाहीतर ती कितीही सुंदर दिसली तरी सोडून द्यायची. नियम सोपा आहे. तो चालतो कसा, हे मात्र थोडं थांबून बघितलं की चक्रावून जायला होतं.

नवीन काहीच नाही, तरीही

आठवड्याच्या कॅन्डलमध्ये नवीन माहिती काय असते? काहीच नाही. सोमवारचा पहिला भाव, शुक्रवारचा शेवटचा भाव, मधल्या दिवसांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव, एवढे चार आकडे. चारही रोजच्या चार्टवर आधीच असतात. उलट रोजच्या पाच कॅन्डलचे मिळून वीस आकडे होतात, म्हणजे साप्ताहिक चार्टने सोळा आकडे टाकून दिले. माहिती कमी केल्यावर दिशा अधिक स्पष्ट कशी दिसते?

उत्तराचं मूळ 1900 सालात आहे. पॅरिसमध्ये लुई बाशेलिए नावाच्या तरुणाने रोख्यांच्या भावांवर गणिताचा प्रबंध सादर केला. भाव प्रत्येक क्षणी आंधळेपणाने वर किंवा खाली पाऊल टाकतो असं मानलं, तर ठरावीक काळात तो किती दूर भटकेल, हे त्याने मांडलं. हे भटकणं काळाच्या प्रमाणात वाढत नाही, काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतं. एका दिवसात भाव साधारण 1 टक्का हलत असेल, तर शंभर दिवसांत तो 100 टक्के भटकत नाही, 10 टक्क्यांच्या आसपास भटकतो. वर-खालची पावलं एकमेकांना खोडत राहतात.

भावाला खरोखर एखादी दिशा असेल, तर ती मात्र अशी खोडली जात नाही. ती दिवसागणिक साचत जाते. समजा एखादा शेअर रोज सरासरी 0.05 टक्के वर सरकतोय. वर्षाचे हे साधारण बारा-तेरा टक्के होतात, म्हणजे चांगलाच कल. पण एका दिवसात 0.05 टक्क्याचा कल आणि 1 टक्क्याची धडपड, म्हणजे कलापेक्षा गोंगाट वीस पट मोठा. असा दिवस हिरवा असण्याची शक्यता निघते जेमतेम 52 टक्के. नाणेफेकीपेक्षा ती फारशी वेगळी नाही.

आता शंभर दिवस घ्या. कल साचून 5 टक्के झाला, गोंगाट वर्गमूळाने वाढून फक्त 10 टक्के झाला. आता तो कलाच्या वीस पट नाही, दुप्पटच आहे. शंभर दिवसांच्या शेवटी भाव सुरुवातीपेक्षा वर असण्याची शक्यता 69 टक्क्यांपर्यंत जाते. शेअर तोच आणि कलही तोच असताना फक्त बघण्याची खिडकी रुंद केल्याने आवाज गोंगाटातून वर आला. शंभर दिवस म्हणजे बाजाराचे वीस आठवडे, हेही लक्षात ठेवू या.

नागपूरकराला हे हाडाने ठाऊक असतं. नवतपात एखाद्या संध्याकाळी वादळ येऊन हवा गार झाली, म्हणून कुणी कूलर माळ्यावर टाकत नाही.

नियम नीट मांडू

‘साप्ताहिक कल वर आहे’ हे डोळ्यांनी ठरवायला गेलं, की माणूस त्याला हवं तेच बघतो. म्हणून कलाची व्याख्या अशी हवी की दोन माणसांनी स्वतंत्रपणे तपासली तरी उत्तर एकच यावं. आपण दोन अटी घेऊ. पहिली, आठवड्याचा बंद भाव गेल्या वीस आठवड्यांच्या बंद भावांच्या सरासरीच्या वर हवा. दुसरी, ती सरासरी स्वतः चार आठवड्यांपूर्वी होती त्याहून वर हवी. दोन्ही ‘हो’ असतील तर परवानगी, एकही ‘नाही’ आलं तर नकार. वीस आणि चार हे आकडे पवित्र नाहीत. अठरा आणि पाच घेतले तरी गाभा तोच राहतो.

हे शास्त्र भारतात जन्मलेलं नाही. बाजाराच्या हालचाली तीन थरांच्या असतात, मोठा कल, त्याच्या पोटातली मध्यम लाट आणि रोजची खळबळ, हा विचार ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे संपादक चार्ल्स डाउ यांच्या लेखनातून आला. डाउ 1902 मध्ये गेले. या विचाराला पायरीपायरीच्या पद्धतीचं रूप दिलं ते अलेक्झांडर एल्डर या मनोविकारतज्ज्ञाने. 1986 मध्ये त्यांनी ‘ट्रिपल स्क्रीन’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. आठवड्याच्या चार्टवर दिशा ठरवायची, रोजच्या चार्टवर त्या दिशेविरुद्धची माघार शोधायची आणि भाव पुन्हा मूळ दिशेला वळला की आत शिरायचं. दोन चार्टमध्ये साधारण पाच पटींचं अंतर असावं असं त्यांचं म्हणणं. दिवस आणि आठवड्यात ते आपोआप मिळतं.

2 जानेवारी 2025

आता हा नियम खऱ्या आकड्यांवर चालवून बघू. त्यासाठी निफ्टी घेऊ, कारण ते आकडे कुणालाही पडताळता येतात आणि सोलरच्या पडझडीच्या काळात सगळा बाजारच घसरत होता.

सप्टेंबर 2024 च्या अखेरीला निफ्टीने 26,277 चा उच्चांक केला आणि तिथून उतरण लागली. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका फटक्यात 1,181 पॉइंट गेले. त्यानंतर 23 डिसेंबर ते 1 जानेवारी अशी सात सत्रं निफ्टी 23,450 ते 23,950 च्या पट्ट्यात घुटमळला. आणि 2 जानेवारीला उसळला. एका दिवसात 445 पॉइंट वाढून तो 24,188 वर बंद झाला. सात दिवसांचा पट्टा वरच्या बाजूने फुटला होता आणि कॅन्डल लांबलचक हिरवी होती. रोजच्या चार्टवर खरेदीची याहून सुबक खूण क्वचित मिळते.

इथे खरेदी केली असती तर स्टॉप लॉस पट्ट्याच्या खाली, म्हणजे 23,450 ला लागला असता. जोखीम सुमारे 740 पॉइंट, म्हणजे तीन टक्के.

आता आठवड्याचा चार्ट बघा. शेवटचा पूर्ण आठवडा 27 डिसेंबरला संपला होता आणि निफ्टी 23,813 वर बंद झाला होता. वीस आठवड्यांची सरासरी होती सुमारे 24,630. म्हणजे बंद भाव सरासरीच्या 800 पॉइंट खाली, पहिली अट नापास. चार आठवड्यांपूर्वी ती सरासरी 24,710 च्या घरात होती, म्हणजे उतरत होती. दुसरी अटही नापास. एवढंच नाही, 2 जानेवारीची सगळी उसळी जमेस धरली तरी भाव सरासरीच्या 440 पॉइंट खालीच होता. रोजच्या चार्टवर जे सीमोल्लंघन दिसत होतं, ते आठवड्याच्या चार्टवर अजून सीमेपर्यंतही पोहोचलं नव्हतं. उत्तर एकच: नकार.

पुढे काय झालं? 6 जानेवारीला निफ्टी 388 पॉइंट पडला. 10 जानेवारीला, खरेदीनंतरच्या सहाव्या सत्रात, 23,450 चा स्टॉप उडाला. 13 जानेवारीला बंद भाव 23,086 होता. 4 फेब्रुवारीला पुन्हा 378 पॉइंटांची तशीच हिरवी उसळी आली, आठवड्याने पुन्हा नकार दिला आणि महिनाअखेर निफ्टी 22,125 वर होता. ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे सलग पाच महिने निफ्टी तोट्यात बंद झाला. 1996 नंतर असं पहिल्यांदाच घडलं.

इथे लेख संपवला तर नियम जादूचा वाटेल. त्याची खरी गंमत मात्र जिथे तो जेमतेम वाचतो आणि जिथे हरतो, तिथे आहे.

न संपलेला आठवडा

थोडं मागे जाऊ. शुक्रवार, 13 डिसेंबर 2024. त्या दिवशी वीस आठवड्यांची सरासरी सुमारे 24,717 होती. सकाळी बाजार कोसळला आणि निफ्टी 24,180 पर्यंत आला. त्या वेळी आठवड्याचा चार्ट उघडला असता, तर कॅन्डल सरासरीच्या 500 पॉइंट खाली लोंबकळताना दिसली असती. दुपारी वारं फिरलं. साडेतीन वाजता निफ्टी 24,768 वर बंद झाला, सरासरीच्या 50 पॉइंट वर. सकाळचं ठसठशीत ‘नाही’ संध्याकाळी ‘हो’ झालं होतं, आणि चार्टवर आज मागे वळून बघणाऱ्याला त्या सकाळचा मागमूस फक्त कॅन्डलच्या खालच्या शेपटीत दिसतो.

या पद्धतीतला सर्वांत फसवा सापळा हाच आहे. सोमवार ते गुरुवार पडद्यावर दिसणारी साप्ताहिक कॅन्डल ही कॅन्डल नसतेच, ती चालू हिशेब असते. बुधवारी तिच्याकडे बघून ‘आठवडा वर आहे’ म्हणणं म्हणजे रोजच्याच चार्टकडे दुसऱ्या नावाने बघणं. बुधवारची उसळी स्वतःच स्वतःला परवानगी देते. म्हणून शिस्त अशी: या आठवड्यातल्या खरेदीला परवानगी द्यायची ती मागच्या शुक्रवारी बंद झालेल्या कॅन्डलने. 2 जानेवारीचा निर्णय आपण 27 डिसेंबरच्या आकड्यांवर घेतला, तो त्यामुळेच.

जुन्या आकड्यांवर पद्धत तपासून बघणारे, म्हणजे बॅकटेस्ट करणारे, इथे हमखास घसरतात. संगणकात आठवड्याच्या ओळीला बऱ्याचदा सोमवारची तारीख लागते. त्या ओळीतला शुक्रवारचा बंद भाव नकळत सोमवारच्या खरेदीला जोडला जातो, आणि पद्धत चार दिवस पुढचं बघून ट्रेड करू लागते. निकाल अर्थातच डोळे दिपवणारे येतात. ओळखायची खूण सोपी आहे: साप्ताहिक परवानगी एक आठवडा उशिरा लावून तीच चाचणी पुन्हा चालवायची. नफा थोडा घटला तर ठीक. नफा जवळजवळ नाहीसाच झाला, तर बहुतेक तो उद्याच्या वर्तमानपत्रातून आलेला होता.

आता त्या 13 डिसेंबरच्या संध्याकाळकडे परत. पहिली अट 50 पॉइंटांनी का होईना, पास झाली होती. पण दुसरी? चार आठवड्यांपूर्वी सरासरी सुमारे 24,750 होती आणि आता 24,717. ती अजून उतरत होती. नकार कायम. पुढच्याच आठवड्यात ती 1,181 पॉइंटांची पडझड झाली. एकटी पहिली अट धरून बसलेल्याला सोमवारी कोणतीही खरेदी करायला मुभा मिळाली असती. भाव सरासरीच्या वर येणं एका दिवसाच्या उसळीनेही जमतं, सरासरी वळायला मात्र आठवडे लागतात. म्हणून दोन्ही अटी हव्यात.

सरासरीला किंमत मोजावी लागते

हे आठवडे लागणं म्हणजे नेमकं काय, ते बघण्यासारखं आहे, कारण नियमाची सगळी किंमत तिथेच दडलेली आहे.

वीस आठवड्यांची सरासरी दर आठवड्याला किती हलते? नवा बंद भाव आत येतो, वीस आठवड्यांपूर्वीचा बाहेर पडतो. दोघांतल्या फरकाचा विसावा भाग, एवढीच तिची हालचाल. म्हणजे सरासरी चढणार की उतरणार हे आज काय घडलं यावर जितकं अवलंबून असतं, तितकंच पाच महिन्यांपूर्वी काय घडलं होतं यावरही.

एप्रिल 2025 चा दुसरा पंधरवडा घ्या. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धक्क्याने 7 एप्रिलला निफ्टी 21,744 पर्यंत पडला होता. मग सुट्ट्यांमुळे तीनच सत्रांचा एक आठवडा आला आणि त्या तीन सत्रांत निफ्टी 1,023 पॉइंट चढून 17 एप्रिलला 23,852 वर बंद झाला. सरासरीच्या तो चांगला 500 पॉइंट वर होता. आणि सरासरी? ती त्या आठवड्यात 14 पॉइंट खाली आली. कारण तिच्यातून बाहेर पडलेला भाव होता 29 नोव्हेंबरचा 24,131, आत आलेल्यापेक्षा मोठा. बाजार धावत होता आणि सरासरी जुन्या महागाईचा हिशेब फेडत होती. पुढचे दोन आठवडेही तेच झालं. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातले चढे भाव एकेक करून बाहेर पडले आणि बाजार चढत असूनही सरासरी आधी 32, मग 21 पॉइंट उतरली.

अखेर डिसेंबरच्या पडझडीनंतरचे भाव बाहेर पडू लागले, आणि 16 मेच्या शुक्रवारी दोन्ही अटी पहिल्यांदा एकत्र पास झाल्या. त्या दिवशी निफ्टी 25,020 वर होता. तळापासून 3,276 पॉइंट, म्हणजे 15 टक्के वाढ परवानगीविना निघून गेली होती. जानेवारीत वाचलेल्या तीन टक्क्यांचं कौतुक करणाऱ्याने हे पंधरा टक्केही त्याच वहीत लिहायला हवेत.

ही चूक नव्हे, तो नियमाचा स्वभाव आहे. शंभर दिवसांची खिडकी गोंगाट दाबते, पण त्याच शंभर दिवसांमुळे ताजी बातमी तिला उशिरा कळते. खिडकी अरुंद केली, दहा आठवड्यांची केली, तर परवानगी लवकर मिळते आणि खोट्या परवानग्याही वाढतात. दोन्ही टोकांची सोय एकाच आकड्यात होत नाही, बाशेलिएच्या वर्गमूळातच ती तडजोड लिहिलेली आहे. बाजार V च्या आकारात वळला की ही पद्धत मागे पडणारच. हळूहळू पालटणाऱ्या बाजारात ती शोभते.

आणखी एक बारकावा इथे लागतो. परवानगी विचारायची ती ज्या शेअरची खरेदी करायची त्याच्याच साप्ताहिक चार्टला. निफ्टीने तळ गाठला तो एप्रिलमध्ये, पण सोलरचा तळ फेब्रुवारीतच होऊन गेला होता आणि मार्चअखेर तो 11 हजारांच्या आसपास आला होता. निफ्टीच्या परवानगीची वाट बघत बसलेल्याच्या हातून हा शेअर केव्हाच पुढे निघून गेला. काही जण दोन्ही चार्टची परवानगी मागतात. त्याने सुरक्षितता वाढते आणि उशीरही वाढतो.

परवानगी मिळाल्यावर

16 मेला ‘हो’ आलं म्हणून सोमवारी डोळे मिटून घ्यायचं नसतं. साप्ताहिक चार्ट दिशा सांगतो, जागा सांगत नाही. 25,020 ला घेतलं असतं तर अर्थपूर्ण स्टॉप कुठे ठेवायचा? जवळचा आधार फार खाली होता. म्हणून आता रोजच्या चार्टवर माघार येण्याची वाट बघायची.

ती माघार आलीच. 22 मेला निफ्टी 24,460 च्या आसपास उतरला. दुसऱ्या दिवशी, 23 मेला, तो 243 पॉइंट चढून आदल्या दिवसाच्या उच्चांकाच्या वर, 24,853 ला बंद झाला. माघार झाली, भाव वळला, वळणाला बंद भावाने दुजोरा दिला: ही रोजच्या चार्टवरची खूण. स्टॉप 24,450 ला, माघारीच्या तळाच्या किंचित खाली. जोखीम सुमारे 400 पॉइंट, 1.6 टक्के. जानेवारीच्या उसळीवर उडी मारली असती तर जोखीम 740 पॉइंटांची होती. माघारीनंतर घेण्याचा हा एक व्यवहारी फायदा: स्टॉप जवळ येतो, त्यामुळे तेवढेच पैसे पणाला लावून जास्त माल घेता येतो.

हा ट्रेड नंतर सरळ वर गेला नाही. जूनच्या सुरुवातीला भाव 24,500 पर्यंत घसरला. 13 जूनला इस्रायलने इराणवर हल्ला केल्याची बातमी घेऊन बाजार उघडला तो 24,470 च्या आसपास. स्टॉपपासून जेमतेम वीस पॉइंटांवर. त्या सकाळी बाजार आणखी पाव टक्का खाली उघडला असता, तर हाच ट्रेड तोट्याच्या रकान्यात गेला असता, तोही ठरवलेल्या स्टॉपच्या खालच्या भावाला. कारण रात्रीतून पडलेल्या दरीत, म्हणजे गॅपमध्ये, स्टॉपचा भाव मिळेलच असं नाही. साप्ताहिक परवानगी या दरीपासून वाचवत नाही. तसं घडलं नाही. 27 जूनला निफ्टी 25,638 वर बंद झाला, घेतल्या भावापेक्षा 785 पॉइंट वर, म्हणजे घेतलेल्या जोखमीच्या जवळपास दुप्पट.

एकाच्या बाजूला दोन मिळाले, पण वीस पॉइंटांच्या नशिबावर. म्हणून एका उदाहरणाने, मग ते जानेवारीचं असो की मेचं, काही सिद्ध होत नाही. कलाला स्वतःची थोडी सातत्याची सवय असते, याचे दाखले मात्र मोठ्या पसाऱ्यावर तपासले गेले आहेत. मॉस्कोविट्झ, ऊई आणि पेडरसन यांनी 2012 मध्ये शेअर निर्देशांक, चलनं, रोखे आणि कमोडिटी मिळून 58 वायदे तपासले. मागच्या बारा महिन्यांची दिशा पुढच्या काळाबद्दल काहीतरी सांगते, असं त्यांना आढळलं. हे ‘काहीतरी’ शेकडो ट्रेडच्या सरासरीत दिसणारं असतं. पुढच्या मंगळवारी काय होईल, हे ते सांगत नाही.

एकच साक्षीदार पाच वेळा

परवानगीची चटक लागली की माणूस ती वाढवत नेतो. आठवडा झाला, आता महिना बघू, मग चार तासांचा चार्ट, मग एक तासाचा. पाचही हिरवे झाले की खात्री पाचपट झाल्यासारखी वाटते. पण हे पाच साक्षीदार वेगळे नाहीत, एकाच भावाने पाच वेळा दिलेली साक्ष आहे ती. एक तासाच्या चार्टमधूनच चार तासांचा होतो, त्यातून दिवसाचा, त्यातून आठवड्याचा. पाचही हिरवे कधी होतात? चढाव बराच पुढे गेल्यावर, जेव्हा स्टॉप सर्वांत दूर आणि माघार सर्वांत जवळ असते. दुसरा चार्ट गोंगाट दाबण्याचं काम करतो. तिसऱ्यापासून पुढे हाती मुख्यतः उशीर लागतो.

आडव्या बाजारात तर दोन चार्टही हतबल होतात. वीस आठवड्यांची सरासरी सपाट झाली आणि भाव तिच्या वर-खाली नाचू लागला, की परवानगी एका शुक्रवारी मिळते आणि पुढच्या शुक्रवारी जाते. याची खूण चार्टवर आधीच दिसते: गेल्या वीस आठवड्यांत बंद भावाने सरासरी चार-पाच वेळा ओलांडली असेल, तर तिथे कल नाही, आणि नसलेल्या कलाची गाळणी कशाला लावायची?

मग ही गाळणी आपल्या कामाची आहे की नाही, हे कसं कळावं? बहुतेक लोक फक्त घेतलेल्या ट्रेडची नोंद ठेवतात, आणि तिथेच उत्तर हरवतं. गाळणीचं काम नकार देण्याचं आहे, म्हणून नकारांचीही वही हवी. रोजच्या चार्टवर खरेदीची खूण आली, आठवड्याने ‘नाही’ म्हटलं, तर तारीख, भाव, स्टॉप लिहून ठेवायचे आणि पैसे न लावता तो ट्रेड कागदावर शेवटपर्यंत चालू द्यायचा. 2 जानेवारीची नोंद त्यात असेल, आणि एप्रिलमधल्या, नियमाला लाज आणणाऱ्या नोंदीही असतील. दोन्ही ढिगांत प्रत्येक ट्रेडचा निकाल त्याच्या जोखमीच्या पटीत लिहायचा: स्टॉप उडाला तर उणे एक, दुप्पट मिळाले तर अधिक दोन. शेअर विकत घेताना आणि विकताना लागणारा 0.1 टक्का एसटीटी आणि बाकीचा खर्च दोन्हीकडे वजा करायचा.

पन्नास-साठ नोंदी दोन्हीकडे जमल्या की सरासरी काढायची. नाकारलेल्या ढिगाची सरासरी मान्य केलेल्या ढिगापेक्षा ठळकपणे वाईट आली, तर आठवड्याचा चार्ट तुमच्या खुणेसाठी खरोखर काम करतोय. दोन्ही सारख्याच आल्या, तर तो फक्त संयमाचं समाधान देतोय आणि त्या बदल्यात चांगले ट्रेड घेऊन जातोय. कुठला ढीग जड निघेल, ते तुमची रोजची खूण काय आहे आणि तुम्ही कुठले शेअर बघता यावर ठरतं. माझ्या वहीने दिलेलं उत्तर तुमच्या वहीला लागू होईलच असं नाही.